दोन टेबलाचे, पाच टेबलांचे, एकवीस टेबल

रशियन घरात मुलाचा पहिला वाढदिवस झाला की ते ‘ओदिन गोद’चं होतं, म्हणजे एक वर्षाचं. दुसऱ्या वाढदिवसाला ते ‘द्वा गोदा’चं होतं. तिसऱ्या-चौथ्यालाही ‘गोदा’च चालतं. पाचव्याला मात्र ‘गोदा’ नाहीसं होतं आणि ‘प्यात ल्येत’ म्हणावं लागतं. पुढे शाळा, मिसरूड, कॉलेज असं सगळं ‘ल्येत’मध्येच पार पडतं, विसावा वाढदिवसही. एकविसाव्याला मात्र घरातले लोक म्हणतात ‘द्वात्सात ओदिन गोद’. पहिल्या वाढदिवसाचं ‘गोद’ वीस वर्षांनी परत आलेलं असतं.

यातला ‘ल्येत’ हा शब्द वर्षाचा नाहीच. ‘ल्येतो’ म्हणजे उन्हाळा, आणि ‘ल्येत’ म्हणजे उन्हाळ्यांचे. आपल्याकडे वडीलधारी माणसं ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतात. बर्फाच्या देशात मोजायला उन्हाळे घेतले, इतकाच फरक. हा अदलाबदलीचा भाग बाजूला ठेवू आणि मूळ कोडं एका साध्यासुध्या शब्दावर सोडवू. शब्द आहे ‘स्तोल’, म्हणजे टेबल. (रशियन शब्द मी इथे त्यांच्या अक्षरांप्रमाणे लिहितो आहे. आघात नसलेल्या ‘ओ’चा उच्चार रशियन माणूस ‘अ’सारखा करतो, पण तसं लिहिलं तर शेवटचे प्रत्यय डोळ्यांना दिसणार नाहीत.)

एक टेबल म्हणजे ‘ओदिन स्तोल’. दोन टेबलं म्हणजे ‘द्वा स्तोला’, आणि इथेच शिकणाऱ्याला पहिली ठेच लागते. टेबलचं अनेकवचन ‘स्तोली’ आहे, ते इथे चालत नाही. ‘स्तोला’ हे षष्ठीचं एकवचन आहे, म्हणजे ‘टेबलाचा’. शब्दशः अर्थ होतो ‘दोन टेबलाचे’. तीन आणि चारलाही तेच रूप. पाचला ‘प्यात स्तोलोव’ म्हणतात, म्हणजे षष्ठीचं अनेकवचन, ‘पाच टेबलांचे’. हे वीसपर्यंत चालतं. एकवीसला ‘द्वात्सात ओदिन स्तोल’, प्रथमा एकवचन. खोलीत एकवीस टेबलं मांडलेली असली तरी व्याकरणाच्या हिशेबी तिथे एकच टेबल आहे. बावीसला पुन्हा ‘टेबलाचे’, पंचवीसला पुन्हा ‘टेबलांचे’.

मराठी माणसाला हे विशेष विचित्र वाटतं, कारण आपल्या संख्या नामाच्या वाटेला फारशा जात नाहीत. एक आंबा, दोन आंबे, पाच आंबे, एकवीस आंबे. एकाच्या पुढे गेलं की अनेकवचन, हिशेब संपला. रशियन पाठ्यपुस्तकात हा नियम एका चौकोनात छापलेला असतो आणि विद्यार्थी तो पाढ्यासारखा घोकतात. पण चौकोनामुळे हा एक नियम आहे असा गैरसमज होतो. खरं तर ही तीन वेगवेगळ्या स्वभावाच्या शब्दांची वागणूक आहे आणि ते तिन्ही शब्द एका रांगेत उभे आहेत. एक हे विशेषण आहे. दोनमध्ये मेलेल्या द्विवचनाचा अवशेष आहे. पाच हे मुळात नाम होतं.

एकाचं सोपं आहे. ‘ओदिन’ हा शब्द नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो: ओदिन स्तोल, पण ‘ओदना क्नीगा’ (एक पुस्तक, रशियनमध्ये स्त्रीलिंगी). नाम ज्या विभक्तीत जाईल तिथे तो मागोमाग जातो. चांगल्या विशेषणाने जसं वागावं तसं तो वागतो.

पाचाची गोष्ट अधिक रंजक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या जेवणघरात पोचतो. जुन्या स्लाव्ह भाषेत पाच ते नऊ या संख्या स्त्रीलिंगी, एकवचनी नामं होती. ‘प्यात’ म्हणजे ‘पाच’ नव्हे, तर ‘पाचाचा गट’. संस्कृतमध्ये ‘पञ्च’ या शब्दाला समूहाचा प्रत्यय लागून ‘पङ्क्ति’ झाला, त्याचा मूळ अर्थ पाचांचा संच. म्हणूनच पाच चरणांच्या वैदिक छंदाचं नाव पंक्ती आहे. पुढे पाच विसरले गेले, रांग उरली, आणि मराठीत तिची पंगत झाली. रशियन ‘प्यात’ची घडण अगदी ‘पङ्क्ति’सारखीच आहे, तोच धातू आणि तोच प्रत्यय. आपल्या पंगतीतून पाच निघून गेले, त्यांच्या पंगतीत मात्र पाचच बसून राहिले.

हे कळलं की ‘प्यात स्तोलोव’मधलं षष्ठीचं अनेकवचन आपोआप उलगडतं. आपणही ‘पुस्तकांचा गठ्ठा’, ‘आंब्यांची पेटी’, ‘वर्षांचं दशक’ असंच म्हणतो. समूहवाचक नामापुढे षष्ठी येणारच. ‘प्यात स्तोलोव’ म्हणजे ‘टेबलांचं पंचक’. संस्कृत शिकलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे एक ते चार या संख्या विशेषणांसारख्या लिंग बदलतात, पण ‘विंशति’, ‘शत’ ही एकवचनी नामं आहेत आणि त्यांच्यापुढे मोजलेली वस्तू षष्ठीत घालता येते. संस्कृतने हे दार विसाच्या आसपास उघडलं. स्लाव्ह भाषांनी ते पाचालाच उघडलं. आजही रशियन ‘प्यात’ची रूपं ‘नोच’ (रात्र) या स्त्रीलिंगी नामासारखी चालतात, आणि त्यावरून त्याचं जुनं कूळ ओळखता येतं.

आता दोन. इथे संस्कृतचा शाळेतला पाठ पुन्हा काढायला हवा: रामः, रामौ, रामाः. मधलं ते द्विवचन जुन्या रशियनमध्येही होतं. एक ‘स्तोल’, दोन ‘स्तोला’, आणि त्याहून अधिक असतील तर ‘स्तोली’. पुल्लिंगी द्विवचनाचा तो ‘आ’ वैदिक संस्कृतात जसाच्या तसा सापडतो. ऋग्वेदात दोन अश्विनांना ‘अश्विना’ म्हटलेलं असतं आणि दोनला ‘द्वा’ म्हटलेलं असतं. रशियन माणूस आजही दोनला ‘द्वा’च म्हणतो.

तेराव्या-चौदाव्या शतकापासून बोलीतून द्विवचन ओसरू लागलं. दोन डोळे, दोन हात यांनाही लोक साधं अनेकवचन लावू लागले. पण ‘द्वा’ला चिकटलेलं ‘स्तोला’ सुटेना. सवयीच्या जोड्या अशाच टिकतात. पुढच्या पिढ्यांना ‘द्विवचन’ ही कल्पनाच राहिली नाही, तेव्हा या ‘स्तोला’चं काय करायचं? योगायोगाने षष्ठी एकवचनाचं रूपही ‘स्तोला’च होतं. मग लोकांनी मनातल्या मनात हिशेब लावला की दोनपुढे षष्ठीचं एकवचन येतं. गैरसमज झाला, तो सगळ्यांचाच झाला, आणि त्याचा नियम झाला.

नियम झाला याचा पुरावा स्त्रीलिंगात मिळतो. स्त्रीलिंगी द्विवचनाला ‘ए’ लागायचा, संस्कृत ‘रमा, रमे’ सारखा. ‘झेना’ म्हणजे स्त्री किंवा पत्नी, आणि दोन असल्या तर ‘झेने’सारखं काहीतरी. इथे षष्ठीशी साम्य नव्हतं. द्विवचन जसंच्या तसं टिकलं असतं तर आज ‘द्वे झेने’ म्हटलं गेलं असतं. पण आज ‘द्वे झेनी’ म्हणतात, आणि ‘झेनी’ हे षष्ठी एकवचन आहे. म्हणजे पुल्लिंगातल्या योगायोगावरून लोकांनी नियम काढला आणि जिथे योगायोग नव्हता तिथेही तो लावला. तीन आणि चार पूर्वी साध्या विशेषणांसारखे अनेकवचन घ्यायचे. पुढच्या काही शतकांत तेही दोनच्या मागे गेले. पाच गेला नाही, कारण तो नाम होता आणि त्याचं स्वतःचं बस्तान पक्कं होतं. शेजारच्या युक्रेनियन भाषेने दुसरी वाट धरली. तिथे ‘दोन टेबलं’ म्हणताना अनेकवचनच वापरतात.

‘हे मूळचं द्विवचन कशावरून?’ असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर घड्याळात आहे. ‘चास’ म्हणजे तास. त्याची षष्ठी ‘चासा’, आणि तिच्यात आघात पहिल्या अक्षरावर पडतो. ‘एकच्या सुमारास’ असं सांगायचं असेल तर ‘ओकोलो चासा’ म्हणतात, जोर ‘चा’वर. पण ‘दोन वाजले’ म्हणताना ‘द्वा चासा’ म्हणतात आणि जोर ‘सा’वर जातो. अक्षरं तीच, आघात वेगळा. हे खरोखर षष्ठीचं रूप असतं तर आघात हलायचं कारण नव्हतं. ‘शाग’ (पाऊल) आणि ‘र्‍याद’ (रांग) या शब्दांतही असंच होतं. लिहिताना द्विवचन षष्ठीत मिसळून गेलं, पण मोजक्या चार-दोन शब्दांत आघाताने त्याची आठवण ठेवली आहे. म्हणून काही व्याकरणकार या रूपाला षष्ठी न म्हणता ‘मोजणीचं रूप’ म्हणतात, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटतं. जोडीने असणाऱ्या वस्तूंमध्येही द्विवचनाच्या खुणा उरल्या आहेत. नदीचे काठ ‘बेरेगा’, जनावराची शिंगं ‘रोगा’, कोटाच्या बाह्या ‘रुकावा’. आज ही साधी अनेकवचनं आहेत, पण शेवटचा आघात असलेला ‘आ’ जोडीच्या काळातला आहे.

दोनच्या सोबतीला विशेषण आलं की हा जुना गोंधळ उघडाच पडतो. ‘दोन मोठी टेबलं’ म्हणजे ‘द्वा बोल्शीख स्तोला’. ‘बोल्शीख’ षष्ठीचं अनेकवचन आहे आणि ‘स्तोला’ एकवचन. एकाच टेबलाला मोठेपण अनेकवचनी आणि टेबलपण एकवचनी. असलं वाक्य कुठल्याही भाषेने मुद्दाम ठरवून केलं नसतं.

आता एकवीस. आपला ‘एकवीस’ हा एकजीव शब्द आहे. त्यातला एक विसाच्या आधी येतो आणि विसात विरघळून जातो. ‘एकवीस आंबे’ म्हणताना कोणाला त्यातला एक ऐकू येत नाही. रशियनमध्ये आधी वीस आणि मग सुटा एक: द्वात्सात, ओदिन. जुन्या काळी मध्ये ‘आणि’ही असायचं. ‘वीस आणि एक टेबल’ असं म्हटलं की टेबलाच्या शेजारी बसलेला शब्द ‘एक’ असतो, आणि तो विशेषण असल्यामुळे टेबलाला एकवचनातच ठेवतो. पुस्तक असेल तर तो स्त्रीलिंगी होऊन ‘द्वात्सात ओदना क्नीगा’ म्हणतो. क्रियापदही एकवचनात येतं: एकवीस विद्यार्थी ‘आला’. अरबी कथांच्या प्रसिद्ध संग्रहाचं रशियन नावही ‘तीस्याचा इ ओदना नोच’ असं आहे. हजार आणि एक ‘रात्र’, रात्री नव्हे.

मग अकराचं काय? त्याच्याही शेवटी एक आहे, पण तो फक्त कागदावरच्या आकड्यात. ‘ओदिन्नात्सात’ हा शब्द फोडला तर ‘ओदिन-ना-देस्यात’ निघतो, म्हणजे ‘दहावर एक’. शब्दाचा शेवट दहाने होतो, आणि दहा ही पाचासारखीच नामाच्या घरातली संख्या. म्हणून अकरा, बारा, तेरा, चौदा सगळे ‘टेबलांचे’ घेतात, आणि एकशे अकराही घेतो. एकशे एक मात्र एकवचन. नियम डोळ्यांनी आकडा पाहून लावला की चूक होते, कानांनी शेवटचा शब्द ऐकून लावला की होत नाही. नवख्या माणसाची अकराशी होणारी गफलत बहुतेक वेळा इथूनच येते.

गंमत म्हणजे संख्यांच्या पोटातही हीच व्यवस्था गोठलेली आहे. शंभर म्हणजे ‘स्तो’. दोनशे ‘द्वेस्ती’, यातला ‘स्ती’ हा शंभराच्या जुन्या द्विवचनाचा अवशेष. तीनशे ‘त्रीस्ता’, शंभराचं एकवचनी षष्ठीसारखं रूप. पाचशे ‘प्यातसोत’, षष्ठीचं अनेकवचन, ‘शंभरांचं पंचक’. दोन, तीन आणि पाच यांचे तीन स्वभाव एकाच शब्दाच्या शेपटीत पाहायला मिळतात.

संगणकावर काम करणाऱ्यांना हा सगळा इतिहास एका ओळीत मांडावा लागतो. ‘तुम्हाला इतके संदेश आले आहेत’ असं रशियनमध्ये दाखवायचं तर संदेश या शब्दाची तीन रूपं साठवायची आणि संख्या पाहून एक निवडायचं. भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या `gettext` या साधनात रशियनसाठी हे सूत्र असतं:

```
n%10==1 && n%100!=11 ? 0 :
n%10>=2 && n%10<=4 && (n%100<10 || n%100>=20) ? 1 : 2
```

`n%10` म्हणजे दहाने भागून उरलेली बाकी. बाकी एक असेल तर पहिलं रूप, पण शंभराने भागून अकरा उरता कामा नये. बाकी दोन ते चार असेल तर दुसरं, पण बारा ते चौदा वगळून. उरलेल्या सगळ्यांना तिसरं. 111 घालून पाहा. दहाने भागल्यावर बाकी एक येते, पण शंभराने भागल्यावर अकरा उरतात, म्हणून पहिली अट फसते. दुसऱ्या अटीला बाकी किमान दोन हवी, म्हणून तीही फसते. उत्तर तिसरं रूप, आणि ते बरोबर आहे. ज्याने एकवचन-अनेकवचन असे दोनच खण ठेवले, त्याच्या पडद्यावर ‘21 संदेशांचे’ असं काहीतरी उमटतं. अपूर्णांक आला तर हे सूत्र अपुरं पडतं. साडेपाच मीटर दशांशात लिहिले तर मीटर एकवचनी षष्ठीत जातो, कारण ‘पाच पूर्णांक पाच दशांश’ म्हणताना तो दशांश एका मीटरचा असतो.

पाचाच्या पुढे येणारं षष्ठीचं अनेकवचन हे रशियन व्याकरणातलं सर्वांत बेभरवशाचं रूप आहे. ‘स्तोल’चं ‘स्तोलोव’ होतं, ‘रुबल’चं ‘रुब्लेय’, आणि ‘क्नीगा’चा शेवट नुसता गळून ‘क्नीग’ उरतं. कुठल्या शब्दाला काय लागेल ते शब्दागणिक शिकावं लागतं, आणि कधीकधी खुद्द रशियनांचीच पंचाईत होते. सोव्हिएत काळातले विनोदी लेखक मिखाइल झोश्चेन्को यांची ‘कोचेर्गा’ नावाची एक कथा आहे. कोचेर्गा म्हणजे शेगडीतले निखारे ढवळायची लोखंडी सळई. एका कचेरीला अशा पाच सळया मागवायच्या असतात, पण मागणीपत्रात ‘पाच’च्या पुढे त्या शब्दाचं कुठलं रूप लिहायचं ते कोणालाच ठाऊक नसतं. कोशातलं रूप ‘कोचेर्योग’ आहे, पण ते उच्चारायला कोणाची जीभ धजावत नाही. चार सळयांवर भागलं असतं तर कथाच झाली नसती, कारण चारपुढचं ‘कोचेर्गी’ लहान मुलालाही येतं.

एवढा सगळा बखेडा फक्त प्रथमेत, आणि तिच्यासारखीच दिसणारी द्वितीया येते तेव्हा आहे. वाक्यात दुसरी कुठली विभक्ती आली की संख्या आपला तोरा सोडतात आणि नामाबरोबर निमूट चालू लागतात. ‘दोन टेबलांसह’ म्हणजे ‘स द्वुम्या स्तोलामी’, ‘पाच टेबलांसह’ म्हणजे ‘स प्यात्यू स्तोलामी’. दोन असो वा पाच, ‘स्तोलामी’ हे साधं अनेकवचनच. एकवीसातला एक मात्र इथेही ऐकत नाही. ‘स द्वात्सात्यू ओदनीम स्तोलोम’ म्हणताना टेबल पुन्हा एकटंच उभं राहतं.

या सगळ्या रचनेत एक भोकही आहे, आणि ते बुजवायला कोणाला जमलेलं नाही. रात्र धरून चोवीस तासांचा जो दिवस होतो त्याला रशियनमध्ये ‘सुत्की’ म्हणतात. हा शब्द नेहमी अनेकवचनीच असतो, त्याला एकवचन नाही. मग दोनचं काय करायचं? दोनला षष्ठीचं एकवचन हवं आणि ते तर अस्तित्वातच नाही. दोन, तीन, चारसाठी तोडगा आहे. ‘द्वोये’, ‘त्रोये’, ‘चेतवेरो’ असे समूहवाचक शब्द वापरायचे: ‘द्वोये सुतोक’. पाचापासून अडचण नाही, ‘प्यात सुतोक’, कारण षष्ठीचं अनेकवचन आहे. एकवीसलाही अडत नाही, ‘एक’ अनेकवचनी रूप घेऊन ‘द्वात्सात ओदनी सुत्की’ म्हणतो. बावीसला मात्र गाडी अडते. ‘द्वा’ला लागणारं एकवचन नाही, आणि ‘वीस द्वोये’ अशी जोडणी प्रमाणभाषेत चालत नाही.

बावीस, तेवीस, चोवीस, मग बत्तीस, तेहेतीस, चौतीस असे हे खड्डे दर दहाला येत राहतात. अवकाशयात्रा तर सुत्कींमध्येच मोजतात. 1971 मध्ये सोयुझ-11 च्या अंतराळवीरांचं उड्डाण तेवीस दिवस आणि आणखी काही तास चाललं, म्हणजे नेमकं त्या खड्ड्यात. अशा वेळी लिहिणारा माणूस वळसा घेतो. एकतर ‘सुत्की’ सोडून साधा ‘देन’ (दिवस) वापरतो आणि ‘द्वात्सात त्री द्न्या’ लिहितो. नाहीतर वाक्यच फिरवून ‘तेवीस सुत्कींच्या अवधीत’ असं करतो. तिथे षष्ठी वाक्याने आणलेली असते, संख्येने नव्हे, त्यामुळे ‘द्वात्साती त्र्योख सुतोक’ बिनबोभाट बसतं.